टेबल कललेलं असलं तरी चालेल: डिजिटल अँगल गेजची शून्यचूक फिरवून कशी काढायची

डिजिटल अँगल गेज टेबलावर ठेवला आणि पडद्यावर ०.६५ अंश दिसले, तर त्यातले किती टेबलाचे आणि किती गेजचे? त्या एका आकड्यातून हे कळायला काहीच मार्ग नाही. टेबल खरोखर ०.६५ अंश कललेलं असू शकेल, किंवा टेबल अगदी समपातळीत असेल आणि गेजच ०.६५ अंश चुकत असेल. बहुधा दोन्ही थोडं थोडं असतं, आणि ते पडद्यावर एकत्र मिसळून येतं.

नवीन माणूस इथे एक हमखास चूक करतो. तो "बऱ्यापैकी समपातळीत" वाटणारी जागा शोधतो, गेज तिथे ठेवतो आणि शून्याचं बटण दाबतो. पडद्यावर ०.०० येतात, समाधान होतं; पण झालेलं असतं इतकंच की त्या जागेचा कल गेजमध्ये जाऊन बसतो. मी स्वतः सुरुवातीला एका ओट्यावर असंच केलं होतं आणि मग त्या गेजने बसवलेली प्रत्येक फळी एकाच बाजूला उतरती निघाली. फळ्या आपापसात जुळत होत्या, म्हणून बराच वेळ संशयही आला नाही.

समपातळीत असलेली जागा शोधण्याची गरजच नाही, हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी हा विषय माझ्यासाठी सुटला. गवंडी नवी पाणसळ घेताना ती भिंतीवर धरतात, बुडबुडा बघतात, मग तीच पाणसळ टोकं बदलून त्याच रेषेवर धरतात आणि पुन्हा बुडबुडा बघतात. तीच युक्ती आकड्यांत केली की तिला फ्लिप पद्धत म्हणतात.

फ्लिप म्हणजे उलटं करणं नव्हे

शब्दामुळे घोटाळा होतो म्हणून हे आधीच सांगतो. गेज उपडा करायचा नाही. तो ज्या तळावर उभा आहे त्याच तळावर उभा राहतो. फक्त त्याला जागच्या जागी अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे १८० अंश. आधी त्याचं तोंड तुमच्याकडे होतं, आता ते पलीकडे झालं. डावं टोक उजव्या टोकाच्या जागी आलं आणि उजवं डाव्याच्या.

आता विचार करा की या फिरवण्याने काय बदललं. टेबल जसं होतं तसंच आहे. त्याचं पूर्वेकडचं टोक वर असेल तर अजूनही तेच वर आहे. पण गेजच्या दृष्टीने ते टोक आधी उजवीकडे होतं, आता डावीकडे आहे. म्हणून टेबलाचा कल गेजला उलट चिन्हाने दिसतो. गेजची स्वतःची चूक मात्र गेजच्या आतच आहे, ती त्याच्यासोबत फिरते, त्यामुळे तिचं चिन्ह बदलत नाही. एक गोष्ट उलटली, दुसरी तशीच राहिली, म्हणून दोन्ही वेगळ्या करता येतात.

उजवं टोक वर असेल तर वाचन अधिक आणि खाली असेल तर उणे, असं धरू. मग:

```
पहिलं वाचन = +कल + चूक
दुसरं वाचन = −कल + चूक

चूक = (पहिलं + दुसरं) ÷ २
कल  = (पहिलं − दुसरं) ÷ २
```

बेरजेत कल आपोआप नाहीसा होतो आणि वजाबाकीत चूक नाहीशी होते. सगळी पद्धत या चार ओळींत आहे. पुढचं सगळं त्या दोन वाचनांमध्ये तिसरं काही शिरू नये यासाठी आहे.

ही चूक येते कुठून

अशा गेजच्या आत बहुधा सिलिकॉनवर कोरलेला एक अतिसूक्ष्म वस्तुमानाचा तुकडा असतो, बारीक पट्ट्यांवर टांगलेला. गेज कलला की गुरुत्वाकर्षण त्या तुकड्याला किंचित सरकवतं आणि त्या सरकण्याचं विद्युत मापन होऊन कोन काढला जातो. हा तुकडा कारखान्यातून अगदी बरोबर मध्यावर बसून येत नाही. त्यात तो चिपमध्ये, चिप सर्किटवर आणि सर्किट डब्यात बसवताना प्रत्येक ठिकाणी थोडा तिरकेपणा राहतो. गुरुत्वाकर्षणाच्या एक हजारांश इतकी गफलत झाली तरी वाचनात जवळजवळ ०.०६ अंशाचा फरक पडतो. शिवाय तापमान बदललं, गेज हातातून पडला, नुसतं वर्ष गेलं, तरी हा मध्य हलतो. म्हणून कारखान्यात शून्य केलेला गेजही तुमच्या हातात शून्यावर असेलच असं नाही.

सुरुवात तळापासून

पहिली पायरी म्हणजे गेजचा तळ आणि टेबलावरची जागा कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसणं. ही ओळ वाचून पुढे जाऊ नका, कारण इथे एक गंमत नाही तर खरा धोका आहे.

हातात मावणाऱ्या चौकोनी गेजचा तळ साधारण ६० मिलिमीटर लांब असतो. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. एवढाच कागदाचा कपटा गेजच्या एका टोकाखाली आला तर वाचन सुमारे ०.१ अंशाने बदलतं. म्हणजे ज्या चुकीच्या मागे आपण लागलो आहोत तेवढीच चूक एका कपट्याने होते.

आता तो कचरा टेबलाला चिकटलेला आहे की गेजला, यावर सगळं अवलंबून आहे. टेबलाला चिकटलेला असेल आणि गेज फिरवूनही त्याच जागी उभा असेल, तर तो उंचवटा टेबलाच्या कलाचाच भाग होतो आणि बेरजेत निघून जातो. पण तो गेजच्या तळाला चिकटलेला असेल तर तो गेजसोबत फिरतो, आणि पद्धत त्याला गेजची शून्यचूक समजते. तुम्ही ती चूक मोजून काढून टाकता, सगळं छान जुळतं, आणि दोन दिवसांनी तो कण गळून पडला की गेज आता उलट्या बाजूला तेवढाच चुकायला लागतो. तळाशी लोहचुंबक असलेल्या गेजमध्ये हे सर्रास होतं, कारण लोखंडाचा कीस चुंबकाच्या खोबणीत चिकटून बसतो आणि फडक्याने निघत नाही. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला की तो निघतो. मग तळावरून बोटाचं नख फिरवा. कडेला ठेच लागून वर आलेली धार नखाला अडकते. ती अगदी बारीक दगडावर सपाट घासून काढावी लागते.

दुसरं, गेज ज्या खोलीत तपासायचा त्या खोलीत अर्धा तास आधी आणून ठेवा आणि चालू करून काही मिनिटं तसाच राहू द्या. मुठीत धरलेला गेज हाताच्या उबेने गरम होतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर शेवटचा आकडा हळूहळू सरकतो. फिरवताना दोन बोटांनी वरून धरा.

जागा कशी हवी

समपातळीत नसली तरी चालेल, पण सपाट आणि घट्ट हवी. हे दोन शब्द वेगळे आहेत. छपराचा पत्रा सपाट असून उतरता असू शकतो, आणि घासलेली लाकडी फळी एकूण समपातळीत असून मध्ये पोचट असू शकते. आपल्याला उताराची भीती नाही, पोचटपणाची आहे. जाड काच, ग्रॅनाइटची लादी, यंत्राचा ओतीव लोखंडी बेड, यांपैकी काहीही उत्तम. गेज ठेवून त्याच्या चारही कोपऱ्यांवर हलकेच टिचकी मारा. डुगडुगला तर जागा बदला.

टेबल स्वतः हलणारं नको. तुम्ही टेबलावर कोपर टेकवून वाचन घेतलंत आणि दुसऱ्या वेळी टेकवलं नाहीत, तर कल दोन्ही वेळी वेगळा असतो आणि बेरजेत तो नाहीसा होत नाही. लाकडी जमिनीवर तर तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात यानेही फरक पडतो.

आता गेजभोवती पेन्सिलने चौकट आखा. त्याहून चांगलं म्हणजे गेजच्या मागे एक सरळ पट्टी टेबलाला चिकटवा, जेणेकरून दोन्ही वेळा गेजची पाठ किंवा तोंड त्या पट्टीला टेकेल. या पट्टीची गरज का, तर फेरा बरोबर अर्धा झाला पाहिजे. समजा टेबल तुमच्याकडून पलीकडे, म्हणजे आडव्या दिशेत, १ अंश कललेलं आहे आणि तुम्ही गेज १८० ऐवजी १७५ अंशच फिरवला. त्या ५ अंशांच्या कसरीमुळे आडव्या कलातला सुमारे ०.०९ अंश दुसऱ्या वाचनात घुसतो आणि काढलेल्या चुकीत त्याचा निम्मा भाग उतरतो. डोळ्यांच्या अंदाजाने ५ अंश सहज चुकतात. पट्टी लावली की हा प्रश्नच संपतो. जागा निवडताना आडवा कल कमीत कमी असेल अशी निवडली तर दुप्पट निश्चिंती.

प्रत्यक्ष वाचनं

गेजवर बहुधा दोन प्रकारचं शून्य असतं. एक गुरुत्वाकर्षणावर आधारलेलं खरं शून्य, पडद्यावर सहसा `ABS` असं दिसतं. दुसरं तुम्ही `ZERO` दाबून ठरवलेलं तात्पुरतं शून्य. तपासणी नेहमी पहिल्या प्रकारात करा, नाहीतर कुणीतरी काल दाबलेलं शून्य आज तुमच्या हिशेबात येईल.

माझ्याकडच्या एका गेजची तपासणी जशीच्या तशी सांगतो. त्याचा आकडा ०.०५ अंशाच्या टप्प्याने बदलतो. टेबलाच्या दक्षिण बाजूला उभा राहून गेज ठेवला, बोटं काढली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो आणि लिहिलं: +०.६५. मग उचलला, पुन्हा चौकटीत ठेवला, पुन्हा लिहिलं. असं पाच वेळा. आकडे आले ०.६५, ०.६५, ०.७०, ०.६५, ०.६०. सरासरी +०.६५.

मग गेज अर्धा फेरा फिरवून त्याच चौकटीत ठेवला. आता पडदा उत्तरेकडे, म्हणून मीही उत्तरेकडे गेलो. पाच वाचनं: −०.२५, −०.२५, −०.३०, −०.२०, −०.२५. सरासरी −०.२५.

बेरीज ०.४०, निम्मे ०.२०. गेजची शून्यचूक +०.२० अंश. वजाबाकी ०.९०, निम्मे ०.४५. टेबल ०.४५ अंश कललेलं, पूर्वेकडचं टोक वर, कारण दक्षिणेकडून पाहताना गेजचं उजवं टोक पूर्वेला होतं.

पाच पाच वेळा उचलून ठेवण्याचा उद्देश सरासरी सुधारणं एवढाच नाही. गेज स्वतःशी किती प्रामाणिक आहे ते त्यातून दिसतं. वरच्या वाचनांत पसारा ०.१० अंशाचा आहे, म्हणून ०.२० ही चूक खरी आहे असं म्हणता येतं. चूक ०.०५ निघाली असती तर मी तिला हात लावला नसता. ती पसाऱ्यातच बुडालेली आहे. आणि पसाराच ०.३० अंशाचा येत असेल तर शून्य दुरुस्त करून काही साधणार नाही. तळ, जागा किंवा गेज यांपैकी काहीतरी मुळात बिघडलेलं आहे.

०.२० अंश म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर १ अंश म्हणजे एका मीटरला साधारण १७.५ मिलिमीटर चढ, हे लक्षात ठेवा. त्या हिशेबाने ही चूक एका मीटरला ३.५ मिलिमीटर. दरवाजाच्या चौकटीत ती डोळ्यांना दिसते.

चिन्हांचा घोटाळा

निम्म्याहून अधिक चुकलेले हिशेब इथे चुकतात. बरेच गेज अधिक-उणे दाखवतच नाहीत. ते फक्त ०.६५ आणि ०.२५ दाखवतात, सोबत एक छोटा बाण, की कोणतं टोक वर आहे. माणूस बाण विसरतो, दोन्हींची सरासरी काढतो, ०.४५ येतात आणि तीच शून्यचूक समजून दुरुस्त करतो. पण ०.४५ हा तर टेबलाचा कल होता!

नियम असा लक्षात ठेवा. बाण गेजच्या स्वतःच्या डाव्या-उजव्याप्रमाणे वाचायचा, टेबलाच्या नव्हे. म्हणजे पडद्याकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही वेळा. दोन्ही वाचनांत बाण वेगवेगळ्या टोकांना असेल तर आकडे वजा करून निम्मे करा, तीच चूक; ती मोठ्या आकड्याच्या बाणाच्या दिशेची. दोन्ही वेळा बाण एकाच टोकाला असेल तर आकड्यांची बेरीज करून निम्मे करा. हे दुसरं तेव्हा होतं जेव्हा गेजची चूक टेबलाच्या कलापेक्षा मोठी असते. समजा तोच गेज ०.१० अंश कललेल्या काचेवर ठेवला, तर वाचनं +०.३० आणि +०.१० येतील, फिरवूनही तेच टोक वर दिसेल. बघणारा गोंधळतो, पण हिशेब तोच: निम्मी बेरीज ०.२०.

काही कोनमापक पूर्ण ३६० अंशांचं चक्र दाखवतात. तिथे −०.२५ हे ३५९.७५ असं येतं. बेरीज करण्याआधी ३६० वजा करून घ्या.

गेजच्या मागून वाकून, आकडा उलटा वाचण्याचा मोह टाळा. चालत दुसऱ्या बाजूला जा.

चूक काढून टाकणं

गेज कोणत्या प्रकारचा आहे यावर तीन रस्ते आहेत.

ज्यात आतच दोन टप्प्यांची दुरुस्ती असते, तिथे काम सोपं. ठरावीक बटणं दाबून ठेवली की गेज पहिली जागा मागतो, मग फिरवायला सांगून दुसरी मागतो आणि वरची बेरीज स्वतः करून चूक साठवतो. बटणांचा क्रम प्रत्येक गेजचा वेगळा असतो, सोबतच्या पत्रकात पाहा. बटण दाबताना गेज दाबला जातो आणि नेमकं तेच वाचन साठवलं जातं, एवढी काळजी घ्या. बोट काढून आकडा स्थिर झाल्यावर तो नोंद घेतो की दाबताक्षणीच, हे एकदा पाहून ठेवा. काही गेज एकाच जागेवर एकदाच बटण दाबायला सांगतात. ती दुरुस्ती म्हणजे समपातळीत जागा आहे असं गृहीत धरणं. आधी फ्लिपने कल शोधून ती जागा समपातळीत आणल्याशिवाय ती करू नका. फोनमधल्या पातळी दाखवणाऱ्या ॲपमध्येही हाच प्रकार असतो, आणि शिवाय कॅमेऱ्याचा उंचवटा फोनला टेबलावर तिरका बसवतो.

ज्यात फक्त `ZERO` बटण आहे, तिथे एक जुनी, सुंदर कृती चालते. एक जाड काच किंवा फळी घ्या, तिच्या एका टोकाखाली पाचर सरकवता येईल अशी. गेज ठेवा आणि `ZERO` दाबा. पडदा ०.०० दाखवेल. आता फिरवून ठेवा. वरच्या टेबलावर हे केलं असतं तर पडद्यावर −०.९० आले असते, म्हणजे कलाच्या बरोबर दुप्पट. गेज न हलवता पाचर हळूहळू सरकवत जा, आकडा निम्म्यावर, म्हणजे −०.४५ वर येईपर्यंत. तिथे फळी खरोखर समपातळीत आलेली असते. तिथेच पुन्हा `ZERO` दाबा. फिरवून पाहा, दोन्हीकडे ०.०० आले पाहिजेत. थोडा फरक राहिला तर त्याचा पुन्हा निम्मा करा, सहसा दोन फेऱ्यांत संपतं. जमीन मोजणारे लोक आपल्या यंत्रावरचा बुडबुडा नेमका असाच दुरुस्त करतात: यंत्र अर्धा फेरा फिरवायचं, जेवढा बुडबुडा सरकला त्यातला निम्मा पायांच्या स्क्रूने आणि निम्मा बुडबुड्याच्या नळीच्या स्क्रूने परत आणायचा.

या रस्त्याची एक मर्यादा आहे. तात्पुरतं शून्य बहुतेक गेज बंद होताच विसरतात, आणि बरेच गेज बॅटरी वाचवायला काही मिनिटांत स्वतःच बंद होतात.

तिसरा रस्ता कागदाचा. गेजच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: "उजवं टोक वर: ०.२० वजा", आणि तारीख. बाण दाखवणाऱ्या गेजमध्ये डावं टोक वर असताना तेच ०.२० मिळवायचे असतात, तेही लिहा. मला हा रस्ता आवडतो, कारण पुढच्या तपासणीत जुना आकडा समोर असतो आणि गेज किती सरकला ते कळतं.

जुळलं की नाही

दुरुस्तीनंतर त्याच टेबलावर पुन्हा फिरवून वाचा. पडद्यावर ०.०० येणार नाहीत आणि येऊही नयेत. टेबल कललेलंच आहे. यायला हवेत +०.४५ आणि −०.४५. आकडा तोच, चिन्ह उलट, ही बरोबर असल्याची खूण. फिरवल्यावर आकडा बदलला तर दुरुस्ती अपुरी आहे.

मग वेगळ्या जागेवर, वेगळ्या कलावर हेच करा. आणि एकदा टेबलाच्या कलाचीच परीक्षा घ्या: एक मीटर अंतरावर ०.४५ अंश म्हणजे ७.९ मिलिमीटर. मीटरभर सरळ पट्टीच्या खालच्या टोकाखाली तेवढ्या जाडीचं काही सारलं आणि गेज त्या पट्टीवर ठेवून फिरवला तर दोन्हीकडे शून्याजवळ यायला हवं.

शून्य बरोबर आलं, ४५ अंशाचं काय

फ्लिपने शून्याजवळची चूक जाते. ते इतर कोनांनाही लागू होईल असं सहज वाटतं, पण पूर्ण खरं नाही. पूर्ण चक्र मोजणाऱ्या गेजमध्ये दोन दिशांचे संवेदक असतात, आडव्याचा आणि उभ्याचा, आणि दोघांचा मध्य स्वतंत्रपणे हललेला असतो. शून्याजवळ जवळजवळ फक्त आडव्या संवेदकाची चूक दिसते. कोन वाढत जाईल तसा उभ्याचा वाटा वाढतो आणि ९० अंशाला तो एकटाच उरतो.

म्हणून ९० अंशाची तपासणी वेगळी करायची, आणि तीही फ्लिपनेच होते. गेज त्याच्या स्वतःच्या डाव्या बाजूवर उभा करा, त्याच टेबलावर, त्याच रेषेत. वाचा, अर्धा फेरा द्या, वाचा. माझ्या गेजची शून्य दुरुस्त झाल्यानंतरची वाचनं होती ९०.५५ आणि ८९.६५. सरासरी ९०.१०, म्हणजे त्या बाजूवर ०.१० अंशाची चूक. फरकाचा निम्मा ०.४५, आणि तो टेबलाचा कल आधीच्या उत्तराशी तंतोतंत जुळला. असा जुळला की दोन्ही तपासण्यांवर विश्वास बसतो. या ०.१० मध्ये संवेदकाची चूक किती आणि डब्याची बाजू तळाशी काटकोनात नसण्याचा भाग किती, हे यातून कळत नाही. कामापुरतं कळायची गरजही नसते. फक्त काही पडदे ९० च्या पुढे न जाता मागे फिरतात, ९०.५५ ला ८९.४५ म्हणतात आणि बाण बदलतात. तिथे बाण बघूनच पुढे जा.

आणखी एक प्रकारची चूक मात्र फ्लिपला दिसतच नाही. समजा गेज प्रत्येक कोन एक टक्का जास्त दाखवतो. ३० अंशाच्या उतारावर ठेवून फिरवला तर +३०.३ आणि −३०.३ येतील. बेरीज शून्य, सगळं निर्दोष वाटेल, आणि तरी गेज ०.३ अंश चुकतो आहे. मापाचा ताणलेपणा पकडायला बाहेरून माहीत असलेला कोन लागतो. साइन बार, म्हणजे दोन टोकांच्या रुळांमध्ये नेमकं १०० मिलिमीटर अंतर असलेली पट्टी, आणि तिच्या एका रुळाखाली ठेवायला ५० मिलिमीटरचा ठोकळा मिळाला तर ३० अंश नेमके मिळतात, आणि मग एका वाचनात निकाल लागतो. तो साइन बार ज्या तळावर ठेवाल त्या तळाचा कल मात्र आधी फ्लिपने काढून वजा करावा लागतो.

कधी फिरवायची गरजच नाही

करवतीचं पातं टेबलाशी किती अंशात आहे हे मोजायचं असेल, तर गेज आधी टेबलावर ठेवून `ZERO` दाबा आणि मग पात्याला लावा. दोन्ही वाचनांत तीच शून्यचूक असते, म्हणून फरकात तिचा मुख्य भाग निघून जातो. अट एवढीच की गेजचं तोंड दोन्ही वेळा एकाच बाजूला हवं. टेबलावर तोंड तुमच्याकडे आणि पात्यावर पलीकडे झालं तर टेबलाचा कल निघून जाण्याऐवजी दुप्पट होऊन उत्तरात येतो. गेजची एक बाजू टेबलावर आणि दुसरी बाजू पात्यावर लावली तर वर पाहिलेली ०.१० सारखी बाजूची चूक आत येते, तीही लक्षात ठेवा.

जिथे जमिनीच्या पातळीशी संबंध आहे, म्हणजे फरशीचा उतार, नळाचा ढाळ, यंत्राचा पाया, तिथे मात्र प्रत्येक महत्त्वाचं वाचन फिरवून दोनदा घ्या आणि वजाबाकीचा निम्मा लिहा. मग गेजमध्ये शून्यचूक दुरुस्त केलेली असो वा नसो, सकाळी थंडीत घेतलेलं वाचन असो वा दुपारी उन्हात, ती चूक उत्तरात येतच नाही. मी महत्त्वाच्या कामात दुरुस्त केलेल्या गेजनेही हेच करतो, आणि दोन्ही वाचनांची बेरीज बाजूला लिहून ठेवतो. ती शून्यापासून ०.१० अंशापेक्षा जास्त सरकायला लागली की तळ पुसून पुन्हा तपासायची वेळ झालेली असते.